प्रायॉन: जंतूवाचून संसर्ग

प्रश्न: मॅडम, मी ओटीत सिस्टर आहे. आमच्याकडे एका पेशंटची ब्रेन बायोप्सी झाली आणि तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाले की सीजेडी, म्हणजे प्रायॉनमुळे मेंदू झपाट्याने निकामी करणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, असू शकतो, तो ट्रे वापरू नका. प्रायॉन म्हणजे नुसतं प्रथिन असं वाचलं. त्याला ना डीएनए, ना जीव, मग ते पसरतं कसं? आणि सगळे विषाणू-जीवाणू मारणारा आमचा ऑटोक्लेव्ह त्यालाच का पुरत नाही?

उत्तर:

सिस्टर, आधी ट्रेचं सांगते, कारण ते आजच करायचं आहे. ट्रे घट्ट झाकणाच्या, न गळणाऱ्या, टणक डब्यात ठेवा. डब्यावर पेशंटचा नंबर, तारीख आणि 'सीजेडी संशयित, उघडू नये' असं लिहा आणि तो बाकीच्या सेट्सपासून दूर, कुलपात ठेवा. निदान पक्कं होईपर्यंत तो फिरवायचा नाही. अजून काही धुवायचं राहिलं असेल तर ते वाळू देऊ नका आणि फॉर्मॅलिन, ग्लुटाराल्डिहाइड किंवा स्पिरिटमध्ये मुळीच टाकू नका. का ते पुढे येईलच.

आता तुमचे दोन्ही प्रश्न. त्यांचं उत्तर एकच आहे आणि ते प्रथिनाच्या घडीत आहे.

आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत पीआरपी नावाचं एक प्रथिन असतं. विसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकावरून ते तयार होतं आणि चेतापेशीच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून राहतं. त्याची सुमारे दोनशे अमिनो आम्लांची साखळी एका ठरावीक पद्धतीने दुमडलेली असते, बरीचशी स्प्रिंगसारख्या वळणांत. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, पेशी ते काही काळाने मोडून टाकते आणि नवीन बनवते. यात काही रोग नाही. रोग सुरू होतो तो हीच साखळी वेगळ्या तऱ्हेने दुमडली गेली तर. वळणं उलगडतात, साखळी पट्टीसारखी चपटी होते आणि अशा पट्ट्या एकीवर एक रचल्या जाऊन धागा बनतो. अमिनो आम्लं तीच, त्यांचा क्रम तोच, बदलली ती फक्त घडी. हा धागा म्हणजे प्रायॉन.

लोकांना समजावताना विरजणाचं उदाहरण द्यायचा मोह होतो. मी ते देत नाही, कारण विरजणात जिवंत जीवाणू असतात आणि ते दुधावर जगून स्वतःची संख्या वाढवतात. प्रायॉनला जवळचं उदाहरण खडीसाखरेचं आहे. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्याच्यावर खडे धरतात. पाकातली साखर आणि खड्यातली साखर एकच. खडा काही खात नाही, पचवत नाही, पिल्लं घालत नाही. त्याच्या पृष्ठभागावर एक रचना तयार असते आणि पाकातला प्रत्येक कण येऊन त्या रचनेत बसतो. प्रायॉनच्या धाग्याचं टोक असंच काम करतं. शेजारून जाणारं निरोगी पीआरपी त्या टोकाला टेकतं, त्याची जुनी घडी सुटते आणि ते टोकाच्या घडीत बसतं. मग तेच नवं टोक होतं. धागा लांबला की मध्येच तुटतो, एकाचे दोन होतात आणि चार टोकांवर काम सुरू होतं. वाढ दामदुपटीने होते ती या तुटण्यामुळे.

पाक आपला स्वतःचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. बाहेरून येतो तो फक्त दोरा. आणि बहुतेक सीजेडीमध्ये तोही बाहेरून येत नाही. दहातल्या साधारण साडेआठ पेशंटना कुठूनही संसर्ग झालेला नसतो, त्यांच्या मेंदूतलं एखादं पीआरपी आपोआप चुकीचं दुमडलं गेलं असं मानलं जातं. दहा ते पंधरा टक्क्यांत जनुकातच दोष असतो. बाहेरून लागण झालेले एक टक्क्याहूनही कमी. हा आजार जगभर वर्षाला दहा लाख लोकांत एखाद-दोघांना होतो.

हे सगळं केवळ तर्क वाटेल, म्हणून पुरावा सांगते. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा असाच रोग होतो. लंडनमध्ये टिक्वा आल्पर यांच्या गटाने १९६०च्या दशकात स्क्रेपीच्या नमुन्यांवर किरणांचा मारा केला. अतिनील किरणांची जी तरंगलांबी डीएनए-आरएनएला सगळ्यात जास्त इजा करते तिने विषाणू निकामी होतात, पण स्क्रेपीचा नमुना तसाच रोगकारक राहिला. तेव्हा अनेकांना वाटलं की हा एखादा हट्टी, सावकाश वाढणारा विषाणू असावा. अमेरिकेत स्टॅन्ली प्रुसिनर यांनी दुसऱ्या बाजूने तपासलं. डीएनए-आरएनए तोडणाऱ्या प्रक्रियांनी संसर्गक्षमता कमी होत नाही आणि प्रथिन बिघडवणाऱ्या प्रक्रियांनी होते, हे दाखवून त्यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हा शब्द मांडला. त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र उंदरांचा आहे. झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने पीआरपीचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि १९९३ मध्ये त्यांच्या मेंदूत स्क्रेपीचा नमुना टोचला. साधे उंदीर आजारी पडून मेले. बिनजनुकाच्या उंदरांना काहीही झालं नाही. दोरा टाकला, पण भांड्यात पाकच नव्हता.

आता जीवाणू आणि विषाणू यांच्याशी ताडून पाहा. जीवाणू ही पुरी पेशी आहे. अन्न मिळालं की ती वाढते, दुभंगते, आणि अँटिबायोटिक तिच्या भिंतीवर किंवा यंत्रणेवर घाव घालतं. विषाणू पेशी नसला तरी त्याच्याकडे लिहिलेली माहिती असते. तो ती डीएनए किंवा आरएनएच्या रूपात आपल्या पेशीत सोडतो आणि पेशी त्या माहितीवरून नवे विषाणू बनवते. ते विषाणू आपल्याला परके असतात, म्हणून शरीर त्यांना ओळखतं, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, अँटिबॉडी तयार होतात. प्रायॉनमधलं प्रथिन आपलंच असल्यामुळे यातलं काही होत नाही. सीजेडीच्या पेशंटला त्या रोगामुळे ताप नसतो. पाठीतलं पाणी काढलं तर ते स्वच्छ, पेशींची संख्या बहुधा नॉर्मल. आमच्या प्रयोगशाळेला हीच मोठी अडचण. कल्चर लावून उगवणारं काही नाही. पीसीआर डीएनए किंवा आरएनएच्या प्रती काढतं, इथे दोन्ही नाहीत. रक्तात शोधावी अशी अँटिबॉडीही नाही.

मग 'प्रायॉनचे प्रकार' असं जे ऐकायला मिळतं ते कसं? जनुक नसताना जात कशी? याचं उत्तर मिंक नावाच्या लहान केसाळ प्राण्याच्या अशाच एका आजाराने दिलं. तो आजार हॅमस्टरमध्ये नेल्यावर दोन वेगळी रूपं दिसली. एकात प्राणी अस्वस्थ, धडपडा, दुसऱ्यात सुस्त. त्यांना 'हायपर' आणि 'ड्राउझी' अशी नावं पडली. हॅमस्टर तोच, त्याच्या पीआरपीचा क्रम तोच, पण दोन्ही प्रायॉनवर प्रथिन कापणारं एन्झाइम सोडलं तर उरणारे तुकडे वेगवेगळ्या लांबीचे. म्हणजे एकच साखळी दोन तऱ्हांनी चुकीची दुमडली जाऊ शकते आणि प्रत्येक घडी आपल्यासारखीच पुढची घडी घालते. विषाणूत जे काम जनुकातला फरक करतो ते इथे आकारातला फरक करतो.

आता ऑटोक्लेव्ह. याचं उत्तर मी पुस्तकातल्या आकड्यांऐवजी झुरिचच्याच एका घटनेने देते, कारण ती तुमच्या-माझ्या कामाची आहे.

सत्तरच्या दशकात तिथे सीजेडी असलेल्या एका वयस्क बाईंच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड घातले होते. नंतर ते बेंझिनने पुसून, ७० टक्के अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने निर्जंतुक करून एपिलेप्सीच्या दोन तरुण पेशंटसाठी वापरले गेले. तेव्हाच्या मानाने ही योग्य पद्धत होती. जीवाणू आणि विषाणू यांच्यासाठी ती पुरेशीही होती. पण दोघांनाही दोन वर्षांच्या आत सीजेडी झाला. हे १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्या कोवळ्या वयात हा रोग अतिशय विरळा, तोही एकाच इलेक्ट्रोडच्या दोन पेशंटना, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरीही शंका राहिली, म्हणून ते इलेक्ट्रोड दोन वर्षांहून जास्त काळाने एका चिंपांझीच्या मेंदूत घातले गेले. मधल्या काळात त्यांची पुन्हा पुन्हा तशीच सफाई झाली होती. अठरा महिन्यांनी तो चिंपांझी आजारी पडला.

अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइड काय करतात ते पाहा. फॉर्मॅल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना जखडतं. जीवाणूच्या दृष्टीने हे मरण आहे, कारण त्याची एन्झाइम्स हलायलाच हवीत, डीएनए उघडायलाच हवा. प्रायॉनला कुठेच हलायचं नाही. घडी जशीच्या तशी जखडली गेली तर ती उलट टिकाऊ होते. अल्कोहोल मेंदूचा सूक्ष्म लेप धातूवर घट्ट बसवतं. वाइसमान यांच्या गटाने पुढे स्टीलच्या बारीक तारा रोगी उंदरांच्या मेंदूला काही मिनिटं लावल्या आणि धुऊन निरोगी उंदरांच्या मेंदूत ठेवल्या. एवढ्याने रोग होऊ शकला. म्हणून मी सुरुवातीला 'वाळू देऊ नका' म्हटलं. ओलं असताना जे ब्रशने निघतं ते वाळल्यावर धातूचा भाग होऊन बसतं.

उष्णतेचंही असंच. तुमच्या ऑटोक्लेव्हमध्ये जांभळ्या द्रवाची कुपी ठेवता ना? तिच्यात जिओबॅसिलस या जीवाणूचे स्पोअर्स, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं असतात. १२१ अंशाला १५-२० मिनिटांच्या फेरीनंतर इनक्युबेटरमध्ये ती जांभळीच राहिली तर स्पोअर मेले, पिवळी पडली तर फेरी फसली. स्पोअर इतका चिवट असूनही मरतो, कारण त्याला पुन्हा उगवण्यासाठी एक अख्खी यंत्रणा शाबूत लागते आणि तिचा एक महत्त्वाचा दुवा तुटला की खेळ संपला. धाग्यात दुवाच नाही. रचलेल्या पट्ट्यांमधल्या बंधांना पाणी शिरायला जागा मिळत नाही, त्यामुळे नेहमीच्या वाफेने त्यातला बराच भाग निकामी झाला तरी थोडा उरतो. लेप वाळलेला किंवा जखडलेला असेल तर जास्तच उरतो. तुमची कुपी जांभळी राहिली यावरून प्रायॉन गेला का हे कळत नाही. ती त्या प्रश्नासाठी बनवलेलीच नाही.

मग काय चालतं? घडीच मोडावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या पद्धतींमध्ये दोन रसायनं मुख्य आहेत. एक म्हणजे एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, लिटरला ४० ग्रॅम, तासभर बुडवून. दुसरं सोडियम हायपोक्लोराइट, उपलब्ध क्लोरीन २०,००० पीपीएम म्हणजे दोन टक्के, तेही तासभर. त्यानंतर हत्यारं पाण्यात काढून १२१ अंशाला एक तास वाफ आणि मग नेहमीची धुलाई व निर्जंतुकीकरण. व्हॅक्यूमच्या ऑटोक्लेव्हसाठी १३४ अंशाला १८ मिनिटं अशी फेरीही दिली आहे, पण ती एकटी रसायनाइतकी भरवशाची नाही. एक सावधगिरी: हायपोक्लोराइट ऑटोक्लेव्हमध्ये कधी जाऊ देऊ नका, आणि सोडियम हायड्रॉक्साइडचा द्राव ॲल्युमिनियमच्या ट्रेवर वापरू नका, ट्रे खाल्ला जातो. डोळ्यांना चष्मा हवाच. पॅथॉलॉजीच्या लोकांनाही निरोप द्या, कारण त्यांचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला आहे आणि तिथे तो सुरक्षित होत नाही. तो कापण्याआधी तासभर दाट फॉर्मिक ॲसिडमध्ये ठेवतात.

तुमच्या ट्रेच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. निदान पक्कं झालं तर मेंदूला लागलेली हत्यारं जाळून टाकावीत. ती महाग असतात हे मला माहीत आहे, प्रशासनाशी या मुद्द्यावर मीही वाद घातले आहेत. पण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एक तास नीट बुडलं होतं का, सांध्यात किंवा दात्यांत काही राहिलं का, हे डोळ्यांनी कळत नाही.

माझ्या उमेदीच्या काळात मी एका रुग्णालयात होते. तिथे अशीच शंका आली ती बायोप्सीनंतर नवव्या दिवशी. तोवर सेट नेहमीच्या फेरीतून निघून पुन्हा वापरात गेला होता. सेट्सवर नंबर नव्हते. त्या नऊ दिवसांत तो कोणाकोणाला लागला हे कोणीच सांगू शकेना. आम्ही रजिस्टर घेऊन बसलो आणि ज्यांचं मेंदूचं ऑपरेशन झालं त्या सगळ्यांची यादी केली, कारण त्यातले नक्की कोण हे ठरवता येत नव्हतं. अखेर त्या पेशंटचा रिपोर्ट प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर केलेल्या हल्ल्याचा आला. तो बरा होणारा आजार होता आणि त्याला उपचार मिळाले. त्या यादीतल्या लोकांना फोन करायची वेळ आली नाही. तो आठवडा मी विसरलेली नाही. त्यानंतर मी जिथे काम केलं तिथे ट्रेवर नंबर आणि केसपेपरवर तोच नंबर हे करून घेतलं.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. तुमच्या पेशंटचं निदान अजून झालेलं नाही. झपाट्याने विस्मरण, चालताना तोल जाणं, टाळी वाजवली की अंग दचकून उडणं, हे सीजेडीत दिसतं, पण दुसऱ्या काही बऱ्या होणाऱ्या आजारांतही दिसतं. एमआरआयच्या डिफ्युजन चित्रात मेंदूच्या वरच्या थरावर पांढरी रिबन किंवा आतल्या केंद्रकांत चमक दिसली तर संशय बळावतो. त्यापुढची तपासणी आरटी-क्विक नावाची आहे आणि ती समजून घ्या, कारण मघाची खडीसाखर तुम्हाला तिथे प्रत्यक्ष दिसेल. प्रयोगशाळेत बनवलेलं निरोगी पीआरपी, म्हणजे पाक, प्लेटच्या छोट्या खळग्यांत भरतात. त्यात पेशंटच्या पाठीतल्या पाण्याचे काही थेंब टाकतात. प्लेट गरम ठेवून यंत्र ती हलवतं आणि थांबवतं, हलवतं आणि थांबवतं. थांबलेल्या वेळात धागे वाढतात, हलवल्याने ते तुटून नवी टोकं होतात. धाग्यांना चिकटल्यावर चमकणारा एक रंग आधीच घातलेला असतो. पेशंटच्या पाण्यात प्रायॉन असेल तर बराच वेळ आलेख सपाट राहतो आणि मग एकदम वर उसळतो. नसेल तर सपाटच. ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती क्वचितच खोटी ठरते. निगेटिव्ह आली तर मात्र सीजेडी नाहीच असं म्हणता येत नाही, थोडे पेशंट निसटतात. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये सीजेडीची नोंदवही आहे, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनी तिथे संपर्क साधावा.

ओटीत रक्त उडालं होतं म्हणून तुम्ही घाबरला असाल, तर धडधाकट त्वचेवर उडालेल्या रक्ताने हा रोग झाल्याचं माहीत नाही. सुई टोचली असेल तर कोमट पाणी आणि साबणाने धुवा आणि नोंद करा. धोका मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्याचा मागचा भाग यांच्यापासून आहे, आणि तोही ते दुसऱ्याच्या शरीरात आत गेले तर. खोकल्याने, स्पर्शाने, एका ताटात जेवण्याने हा पसरत नाही. वॉर्डात वेगळी खोली लागत नाही, कपडे नेहमीसारखे धुतले जातात. रोग पक्का झाला तर तो थांबवणारं औषध आज नाही आणि बहुतेक पेशंट काही महिन्यांतच जातात. म्हणून घरच्यांना खोलीबाहेर उभं करू नका. त्यांनी पेशंटचा हात हातात घेऊन बसायला आणि आपल्या हाताने घास भरवायला काहीही हरकत नाही, हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा.